सरासरी, मध्यक, बहुलक

समजा, नांदगाव पेठच्या सातवीतल्या 11 मुलांनी शाळेत यायला लागणारी मिनिटं सांगितली. चौघांना 5, तिघांना 10, तिघांना 20 आणि शेतातल्या वस्तीवरून येणाऱ्या एकाला 55. पुष्कळ मुलं 5, 10, 20, 55 यांची बेरीज 4 ने भागतात. उत्तर साडेबावीस येतं, आणि ते चूक आहे. प्रत्येक वेळेला आधी मुलांच्या संख्येनं, म्हणजे वारंवारतेनं गुणा. बेरीज 165, भागिले 11, सरासरी 15. पण 15 मिनिटं तर कुणालाच लागत नाहीत! एकट्या 55 नं ती वर ओढली. चढत्या क्रमातली सहावी संख्या 10, तो मध्यक. सर्वाधिक वेळा आलेले 5, ते बहुलक. सारणीत वेळेऐवजी वर्ग दिले असतील, तर वर्गमध्य घेऊन गुणा; मात्र ती सरासरी अंदाजे असते.