टांगलेला चेंडू

बारा वर्षांच्या क्रिकेटवेड्या मुलाला फ्लॅटमध्येच सराव करायचा असेल, तर त्याला दोरीला टांगायचा चेंडू भेट द्या. रबरी चेंडू मोज्यात घालून घट्ट गाठ मारली, तरी चालतं. गॅलरीच्या मजबूत कडीला तो गुडघ्याच्या जरा खाली येईल असा बांधा. बॅट फिरेल एवढी जागा मात्र हवी. फटका सरळ बॅटने बसला, तर चेंडू त्याच रेषेत परततो. गोल फिरू लागला, तर बॅट आडवी आली समजा. मारायचं हलकेच, नाहीतर दोरी कडीला गुंडाळली जाते.

उसळीचा अंदाज यातून येत नाही. त्यासाठी सोबत एक सुटा स्टंप द्या. डॉन ब्रॅडमन लहानपणी स्टंपनेच गोल्फचा चेंडू पाण्याच्या टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर मारत आणि उसळून परत येणारा चेंडू पुन्हा टोलवत. घरात मऊ चेंडू घ्यावा.