मर्यादा हवी, पण ती आखणार कोण?

(वलवण, लोणावळा येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



वृत्तपत्रांना स्वातंत्र्य असावे की नसावे, या प्रश्नावर आज फारसा वाद उरलेला नाही. स्वातंत्र्य असावे, हे सर्वांनाच मान्य असते. त्याचबरोबर त्याला मर्यादा असावी, हेही मान्य असते. खरा वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो. ती मर्यादा कोणी आखायची, मजकूर छापण्यापूर्वी आखायची की छापल्यानंतर, आणि ती चुकीची आखली गेली तर दाद कोठे मागायची? भारतीय प्रजासत्ताकाच्या इतिहासातील तीन प्रसंग या प्रश्नांचे उत्तर बऱ्याच स्पष्टपणे देतात. पहिला दिल्लीतला आहे. पुढचे दोन्ही वलवणपासून शंभर किलोमीटरच्या आत, मुंबईत घडलेले आहेत.

राज्यघटना अमलात येऊन पाच आठवडे होतात न होतात तोच पहिला प्रसंग घडला. २ मार्च १९५० रोजी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी ‘ऑर्गनायझर’ या साप्ताहिकावर एक आदेश बजावला. पूर्व बंगालमधील हिंदूंवरील अत्याचारांच्या आणि निर्वासितांच्या वार्तांनी तो काळ व्यापलेला होता. जातीय स्वरूपाचा सर्व मजकूर आणि पाकिस्तानविषयीच्या बातम्या, मते, छायाचित्रे व व्यंगचित्रे छापण्यापूर्वी दोन प्रतींत सरकारी अधिकाऱ्याकडे तपासणीस पाठवावीत, असा तो आदेश होता. सरकारी सूत्रांकडून वा वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर तेवढा यातून वगळला होता. त्याचा अर्थ उघड होता. सरकारला ठाऊक असलेले छापण्यास हरकत नव्हती; संपादकाला स्वतःच्या शोधातून जे कळले, त्यावर मात्र पहारा होता.

साप्ताहिकाचे प्रकाशक ब्रिजभूषण आणि संपादक के. आर. मलकानी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच सुमारास मद्रास सरकारने ‘क्रॉस रोड्स’ या मुंबईहून निघणाऱ्या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाला आपल्या प्रांतात प्रवेशबंदी केली होती. त्याचे संपादक रोमेश थापर हेही न्यायालयात आले होते. विचारांनी दोन टोकांवर उभी असलेली ही दोन साप्ताहिके २६ मे १९५० या एकाच दिवशी जिंकली. त्या वेळी घटनेच्या एकोणिसाव्या कलमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हा शब्द नव्हता. राज्याची सुरक्षितता धोक्यात येत असेल तरच या कारणासाठी निर्बंध घालता येत होता. स्थानिक शांततेला काही बाधा येईल एवढ्या कारणावरून लेखणी रोखता येणार नाही, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती फझल अली यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. सुव्यवस्था आणि राज्याची सुरक्षितता यांची अशी फारकत करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या निकालावर सरकारचे उत्तर तेरा महिन्यांच्या आत आले. जून १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्यास चिथावणी ही तीन नवी कारणे कलमात घातली गेली. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी संसदेत या दुरुस्तीला कडवा विरोध केला. मात्र याच दुरुस्तीने ‘निर्बंध’ या शब्दामागे ‘वाजवी’ हे विशेषणही जोडले गेले. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे न्यायालयाकडे राहिला. पुढची सारी लढाई या एका विशेषणाच्या बळावर लढली गेली आहे.

दुसरा प्रसंग आणीबाणीचा. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील बहादूरशाह जफर मार्गावरील छापखान्यांची वीज तोडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, सेन्सॉरशिपचा आदेश निघाला. भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांपैकी ४८ वा नियम त्याचा आधार होता. मुंबईत मिनू मसानी हे ‘फ्रीडम फर्स्ट’ नावाचे एक छोटे मासिक चालवीत. त्यांनी ऑगस्ट १९७५ च्या अंकाचा मजकूर नियमाप्रमाणे सेन्सॉरकडे पाठवला. सेन्सॉर बिनोद राव यांनी त्यातील अकरा मजकुरांना छापण्यास मनाई केली. मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांची बाजू सोली सोराबजी यांनी मांडली.

या खटल्यातील पेच नीट समजून घेतला पाहिजे. आणीबाणीमुळे एकोणिसावे कलम निलंबित झाले होते. ‘माझ्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आला’ असे म्हणण्याची सोयच उरलेली नव्हती. मग दाद मागायची कशाच्या आधारे? युक्तिवाद असा झाला की, सेन्सॉरचा अधिकार ४८ व्या नियमातून जन्मलेला आहे. म्हणून तो त्या नियमाच्या कुंपणाबाहेर जाऊ शकत नाही. नियमात देशाचे संरक्षण, अंतर्गत सुरक्षा, सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्था अशी ठरावीक प्रयोजने लिहिलेली आहेत. मजकूर या प्रयोजनांना बाधक असेल तर तो जरूर अडवावा. पण ‘सरकारवर टीका’ हे प्रयोजन त्या यादीत कोठेच नाही.

एकसदस्यीय न्यायपीठाने मसानींच्या बाजूने कौल दिला. सेन्सॉरने अपील केले. १० फेब्रुवारी १९७६ रोजी न्यायमूर्ती दि. प. मादन आणि न्यायमूर्ती म. हि. कानिया यांच्या खंडपीठाने मसानींच्याच बाजूने निकाल दिला. सर्व नियतकालिकांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा त्याचा आशय होता. कायद्याच्या चौकटीत राहून सरकारच्या धोरणाला विरोध करणे म्हणजे सुव्यवस्थेला बाधा आणणे नव्हे. सेन्सॉरने प्रत्येक मजकूर स्वतंत्रपणे, नियमातील प्रयोजनाशी ताडून पाहिला पाहिजे. हा निकाल आणीबाणी ऐन भरात असताना, हजारो कार्यकर्ते तुरुंगात असताना दिला गेला, हे विसरता येणार नाही. पुढे अडीच महिन्यांनी, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने स्थानबद्धांना न्यायालयाची दारे बंद केली. ते पाहता मुंबईच्या निकालाचे मोल अधिकच जाणवते.

परंतु या विजयाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ऑगस्टच्या अंकातील मजकुराला न्याय मिळाला तो फेब्रुवारीत. मासिकातील विचारप्रधान लेख सहा महिने थांबू शकतो; दैनिकातील बातमी सहा तासांत शिळी होते. छापण्यापूर्वीची तपासणी इतकी घातक का, याचे उत्तर येथेच आहे. छापल्यानंतर शिक्षा झाली, तरी मजकूर लोकांनी वाचलेला असतो आणि तो योग्य की अयोग्य, हे न्यायालयात उघडपणे तपासले जाते. छापण्यापूर्वी अडवलेला मजकूर कोणी वाचतच नाही. त्यामुळे अडवणाऱ्याची चूकही कोणाला दिसत नाही. आणि ज्याच्याकडे मसानींची चिकाटी वा नामांकित वकील नाही, तो संपादक पुढच्या वेळी वाद नको म्हणून स्वतःच ओळी गाळू लागतो. सेन्सॉरचा सर्वांत मोठा विजय तोच असतो.

मग प्रसिद्धीपूर्वीचा निर्बंध कधीच न्याय्य नसतो काय? तिसरा प्रसंग येथे वेगळे उत्तर देतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी मुंबईत शिरले. ताजमहाल व ओबेरॉय ही हॉटेले आणि नरिमन हाऊस येथील कारवाई २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालली आणि वाहिन्यांनी ती अखंड थेट दाखवली. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत असल्याचे दृश्य साऱ्या जगाने त्याच क्षणी पाहिले. पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही दूरचित्रवाणीसमोर होते. बाहेर काय घडते आहे ते पाहून ते दूरध्वनीवरून आतल्या दहशतवाद्यांना सूचना देत होते. हे संभाषण ध्वनिमुद्रित झाले आणि न्यायालयासमोर आले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबची फाशी कायम करताना न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती सी. के. प्रसाद यांनी वाहिन्यांना कठोर शब्दांत दोष दिला. अशा प्रक्षेपणाचे समर्थन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने होऊ शकत नाही, त्यातून राष्ट्रहित नव्हे तर वाहिन्यांचे व्यापारी हित साधले गेले, असे त्यांनी म्हटले.

मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीविषयक नियमांत यासाठी दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वृत्तांकन करता येते. हा निर्बंध आणि १९७५ चा आदेश यांतील अंतर मोजून पाहावे. येथे धोका प्रत्यक्ष आहे, जवानांच्या आणि ओलिसांच्या प्राणांचा आहे. निर्बंधाला मुदत आहे; कारवाई संपली की तो संपतो. कारवाईत काय चुकले, पोलिसांकडील चिलखते कशी होती, किनाऱ्यावरील पहारा का ढिला पडला, हे सर्व नंतर लिहिण्यास त्या नियमाची आडकाठी नाही. म्हणजे दृश्याला विलंब आहे, टीकेला बंदी नाही. याउलट, त्या कारवाईच्या काळातच २८ नोव्हेंबरला मुंबईत केबलवरील वृत्तवाहिन्या सरसकट बंद करण्यात आल्या आणि थोड्याच वेळात तो आदेश मागे घ्यावा लागला. भेदरलेल्या शहराला अंधारात ठेवल्याने अफवांचेच फावते.

हेच माप आपल्या गावाला लावून पाहता येईल. समजा, ऐन पावसाळ्यात वलवण धरणाविषयी एखाद्या वृत्तपत्राकडे तीन मजकूर आले. विसर्गापूर्वी खालच्या वस्त्यांना पुरेशी सूचना दिली जात नाही, असा आरोप पहिल्यात आहे. तो संबंधितांना कितीही झोंबला तरी छापला गेलाच पाहिजे; तेच लोकहित आहे. दुसऱ्यात, कोणतीही शहानिशा न करता, भिंतीला तडा गेल्याची हाकाटी आहे. तो छापणाऱ्याने परिणामांची जबाबदारी घेतली पाहिजे. खोटेपणा सिद्ध झाल्यास कायद्याने त्याला जाब विचारावा. तिसऱ्यात पहारेकऱ्यांच्या पाळ्या आणि त्यांतील रिकाम्या वेळा दिल्या आहेत. पहाऱ्यात त्रुटी आहे, हे सांगणे लोकहिताचे आहे. तिचे वेळापत्रक छापणे मात्र नव्हे. तिन्ही मजकूर अधिकाऱ्यांना सारखेच अप्रिय असतील. पण अप्रिय आणि अपायकारक हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतील फरक अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

म्हणून कोणताही निर्बंध समोर आला की चार गोष्टी विचाराव्यात. तो कोणता प्रत्यक्ष धोका टाळतो? तो किती काळासाठी आहे? त्याचे कारण लेखी दिले आहे काय? आणि त्याविरुद्ध स्वतंत्र न्यायालयात वेळेवर दाद मागता येते काय? सरकार आपल्या पसंतीचे असो वा नसो, प्रश्न हेच राहिले पाहिजेत. १९५० साली ‘ऑर्गनायझर’ला मिळालेला न्याय आणि ‘क्रॉस रोड्स’ला मिळालेला न्याय एकाच तत्त्वावर उभा होता. विरोधकाच्या वृत्तपत्रावर आलेला आदेश ज्याला गोड वाटतो, त्याने त्याच आदेशाची दुसरी प्रत आपल्या पत्त्यावर येणार हे गृहीत धरावे.