पुणे ते बंगळूर : बेचाळीस मजला

1638 नंतर बंगळूर शहाजीराजांकडे आले. त्या काळी पुण्याहून येथवर येणाऱ्या मराठी कुटुंबाच्या प्रवासाचा हिशेब आपण मांडून पाहू.

भरलेली बैलगाडी तासाला तीनएक किलोमीटर चाले. भर उन्हात बैल सोडावे लागत. म्हणून दिवसाची मजल वीसेक किलोमीटरांची. आजच्या रस्त्याचे सुमारे 840 किलोमीटर धरले, तरी बेचाळीस दिवस होतात. वाटेत कृष्णा वा तुंगभद्रेला पूर आला, तर पाणी ओसरेपर्यंत काठावरच मुक्काम पडे.

आईच्या आजाराची वार्ता जासूद लवकर आणी. परंतु गाडीने निघालेली लेक पोहोचेपर्यंत दीड महिना लोटे. आपण मात्र संध्याकाळच्या बसने निघून सकाळी आईच्या उशाशी बसतो.