गडद द्रावण आणि वाकलेली रेघ
(तळीये येथील व्याख्यानाचा संक्षेप)

मंडळी, महाडच्या एमआयडीसीतल्या लॅबमध्ये काम करणारे कुणी इथे असतील, तर स्पेक्ट्रोफोटोमीटर त्यांच्या ओळखीचा असेल. रंगीत द्रावणातून प्रकाशाचा दहावा हिस्सा पार गेला तर अ‍ॅब्सॉर्बन्स १, शंभरावा गेला तर २, हजारावा गेला तर ३. सौम्य द्रावणात रंगद्रव्य दुप्पट केलं की हा आकडाही दुप्पट होतो. बिअर-लॅम्बर्टचा नियम तो हाच. द्रावण गडद झालं की मात्र आलेखाची रेघ वाकते, आणि त्याची कारणं मुख्यतः दोन.

पहिलं कारण यंत्रात आहे. आपण निवडलेल्या तरंगलांबीखेरीज थोडा भटका प्रकाश डिटेक्टरवर पडतोच. समजा, १०० भाग हव्या प्रकाशामागे १ भाग भटका आहे आणि द्रावण तो शोषत नाही. खरा अ‍ॅब्सॉर्बन्स २ असेल, तर हवा प्रकाश १ भाग पोचतो आणि भटका १ भाग. १०१ पैकी २ दिसले, म्हणून यंत्र १.७० दाखवतं. खरा आकडा ३ असेल तर १.९६. द्रावण कितीही गडद करा, हे यंत्र २ च्या पुढे जवळपास सरकत नाही.

दुसरं कारण द्रावणात आहे. मिथिलीन ब्ल्यूचे रेणू दाटीत जोड्या करतात. सुटा रेणू ६६४ नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतो, तर जोडी ६१० च्या आसपास. त्यामुळे ६६४ वरचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो आणि वर्णपटाचा आकारच बदलतो.

रेघ वाकली हे ओळखायचं कसं? नमुना दहापट विरल करा, मोजा आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणा. मघाच्या यंत्रावर २ चं द्रावण विरल केल्यावर ०.२० च्या आसपास वाचलं जाईल, म्हणजे गुणून २. आधीच्या १.७० शी हे जुळत नाही. प्रमाण आलेखाचा सहसंबंध ०.९९ आला म्हणून निश्चिंत राहू नका. शेवटचे बिंदू रेघेखाली झुकलेत का, ते डोळ्यांनी पाहा.

आता दोष कुणाचा? मूळ द्रावण विरल न करता १ सेंटीमीटरऐवजी १ मिलिमीटरच्या क्युवेटमध्ये घ्या. प्रकाशाची वाट दहापट आखूड झाली, पण रेणूंची दाटी तशीच राहिली. हे वाचन विरल नमुन्याच्या १ सेंटीमीटरमधल्या वाचनाशी जुळलं, तर दोष यंत्राचा. जुळलं नाही, तर रेणूंमध्येच फरक पडलाय. तिथे आखूड क्युवेट उपयोगाची नाही, विरलच करावं लागतं.

विरल करताना पिपेट आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क वापरा आणि आम्लता तीच ठेवा. नारिंगी डायक्रोमेट नुसत्या पाण्याने विरल केलं तर त्यातला काही भाग पिवळा क्रोमेट होतो, आणि उपायातूनच नवी चूक उभी राहते. वाचन साधारण ०.२ ते ०.८ मध्ये आणा. प्रमाण द्रावणांच्या शेवटच्या बिंदूपलीकडे रेघ लांबवून उत्तर काढू नका. नमुना त्या पल्ल्यात बसेपर्यंत पुन्हा विरल करा आणि किती पट केला ते नोंदवहीत वाचनाशेजारीच लिहा.