एक उपखंड वगळा

(युवा संसदेत ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक, २०२३’ चर्चेला घेतले होते. विरोधी बाकावरून मी केलेले हे भाषण.)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांचा डेटा किती सहज हातोहात फिरतो हे मला ठाऊक आहे, म्हणून असा कायदा हवाच. माझी हरकत आहे ती खंड ४४ च्या उपखंड (३) ला.

हा उपखंड २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलतो. जुन्या मजकुरानुसार वैयक्तिक माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो, असे असावे लागायचे. तेव्हाही व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागायची. नव्या मजकुरात यातले काहीच नाही. माहिती वैयक्तिक आहे, एवढे कारण नकाराला पुरेल.

रेशन दुकानाचे उदाहरण घ्या. समजा, प्राधान्य गटातल्या एका घरात चार माणसे आहेत. माणशी ५ किलोप्रमाणे त्यांचे महिन्याचे धान्य २० किलो. हातात १५ किलोच पडते, नोंद मात्र २० ची होते. ही चोरी कळते ती नावानिशी यादी मिळाल्यावर. नुसती गावाची एकूण बेरीज दिली, तर माझ्या नावावर किती उचलले आणि मयत माणसाच्या नावावर कोण उचलतो, हे कुणालाच ओळखता येणार नाही.

(सत्ताधारी बाकावरून : मग सगळ्यांचे आधार क्रमांक चव्हाट्यावर मांडायचे का?)

नाही, महोदय. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० नुसार न देण्याजोगा भाग वगळून उरलेला देता येतो. आधार आणि मोबाइलचे रकाने झाका. नाव आणि किलो राहू द्या.

(सत्ताधारी बाकावरून : कलम ८(२) शाबूत आहे. जनहितासाठी माहिती देता येईलच!)

कलम आहे, हे मान्य. पण अर्जदाराला आता पहिल्याच पायरीवर नकार मिळेल आणि जनहित किती मोठे, हे त्यालाच पटवत बसावे लागेल. रेशनसाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईने अपिलाच्या किती पायऱ्या चढायच्या?

(एक सदस्य : २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे!)

ठरवला आहे, आणि मी त्याच निकालाच्या बाजूने बोलतो आहे. या हक्कावरचे बंधन प्रमाणात आहे की नाही, हे तपासायला तो निकाल सांगतो. म्हणजे दोन्ही बाजू तोलून पाहायच्या. जुन्या कलमात तो तराजू होता. हा उपखंड तो काढून घेतो.

अध्यक्ष महोदय, खंड ४४ मधील उपखंड (३) वगळण्यात यावा, अशी दुरुस्ती मी मांडतो. ती स्वीकारली तर माझे मत विधेयकाच्या बाजूने. नाकारली तर विरोधात.