दसऱ्याचा संगणक, पाडव्याचा कॅमेरा



कर सल्लागारांच्या अधिवेशनात यंदा अध्यक्षाने नव्या आयकर कायद्यावर बोलावे, अशी अपेक्षा असणार. तो कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. पण २०२५-२६ या वर्षाची विवरणपत्रे अजून १९६१ च्याच कायद्याप्रमाणे भरायची आहेत, आणि त्यांत एका नव्या प्रकारच्या अशिलाचा हिशेब वारंवार चुकतो आहे. घरातून व्हिडिओ करून डॉलरमध्ये कमावणारा हा अशील. आजचे भाषण त्याच्या एका वर्षाच्या वहीवर आहे.

समजा, साताऱ्यातील एक ताई मराठी पाककृतींचा यूट्यूब चॅनेल चालवतात. भाकरी थापण्याचा त्यांचा व्हिडिओ वाईत पाहतात, तसाच न्यू जर्सीतही पाहतात. दर महिन्याच्या २१ तारखेनंतर गुगलकडून पैसे निघतात, सिंगापूरहून वायर ट्रान्सफरने येतात आणि बँक त्याचे रुपये करून खात्यात जमा करते. वर्षअखेरीस ताई पासबुक घेऊन सल्लागाराकडे येतात. जमा रक्कम १६,९५,७५०. त्यातून संकलकाचा पगार, किराणा, इंटरनेट, वीज असे ३,५०,००० वजा. संगणक १,६०,००० चा आणि कॅमेरा लेन्ससह २,४०,००० चा, तेही वजा. उरले ९,४५,७५०. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्य. ताई निर्धास्त होतात, आणि अनेकदा सल्लागारही.

या हिशेबात दोन चुका आहेत. पहिली पासबुकाच्या पहिल्याच आकड्यात आहे.

ताईंची खरी कमाई २१,००० डॉलर होती. त्यातले ७,००० डॉलर अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे मिळाले. या भागाला गुगल रॉयल्टी समजते आणि भारत-अमेरिका करारातल्या १५ टक्के दराने त्यावर अमेरिकेचा कर कापते. म्हणजे १,०५० डॉलर तिकडेच राहिले आणि १९,९५० इकडे आले. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर वर्षभर ८५ रुपये धरला, तर जमा रक्कम बरोबर १६,९५,७५० भरते. पण आपल्या कायद्याने उत्पन्न मोजायचे ते कर कापण्यापूर्वीचे, म्हणजे १७,८५,०००. कापलेले ८९,२५० हा खर्च नव्हे. तो ताईंनी परदेशात भरलेला कर आहे आणि त्याची वजावट वेगळ्या दाराने मागायची असते. प्रत्यक्षात डॉलरचा दर महिन्यागणिक बदलतो. वर्षात भारतात आलेल्या रकमेला बँकेने दिलेलाच दर धरायचा, म्हणून प्रत्येक जमेची बँक सूचना जपून ठेवायला सांगावे.

१५ टक्क्यांचा दरही आपोआप मिळत नाही. त्यासाठी गुगलच्या खात्यात W-8BEN हा फॉर्म पॅन क्रमांकासह भरावा लागतो आणि मुदत संपली की पुन्हा भरावा लागतो. करविषयक माहितीच दिली नसेल, तर जगभरातल्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. करारापेक्षा जास्त कापलेल्या कराची वजावट भारतात मिळत नाही. त्यामुळे अशील पहिल्यांदा आला की कागदपत्रांच्या आधी त्याच्या मोबाइलवर या फॉर्मची तारीख पाहावी.

दुसरी चूक यंत्रांची. संगणक आणि कॅमेरा हा त्या वर्षाचा खर्च नव्हे, ती भांडवली मालमत्ता. तिचा घसारा मिळतो. संगणकाला ४० टक्के, कॅमेऱ्यासारख्या यंत्राला १५ टक्के. त्यातही खरेदीच्या वर्षात वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर दर निम्मा होतो. मराठी माणूस मोठी खरेदी मुहूर्तावर करतो आणि इथे मुहूर्तानेच फरक पडतो. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी घेऊन वापरात आणलेल्या संगणकाचे ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात, म्हणून पूर्ण ६४,००० चा घसारा. दिवाळी पाडवा आला २२ ऑक्टोबरला. त्या दिवशी घेतलेल्या कॅमेऱ्याचे दिवस भरतात १६१, म्हणून साडेसात टक्क्यांनी १८,००० च. दसऱ्यालाच कॅमेरा घेतला असता तर ३६,००० मिळाले असते. दिवस मोजायचे ते वापराचे, बिलाचे नव्हेत. कॅमेरा खोक्यातच पडून असेल तर बिलाची तारीख उपयोगाची नाही. त्यावर चित्रित केलेल्या पहिल्या व्हिडिओची तारीख हा उत्तम पुरावा.

जुनी लेन्स ओळखीच्या माणसाकडून रोखीने घेण्याची सवय या क्षेत्रात सर्रास आहे. एका माणसाला एका दिवसात १०,००० हून अधिक रोख दिली, तर ती रक्कम वस्तूच्या किमतीत धरताच येत नाही. घसारा कायमचा गेला. यूपीआयने दिले असते तर तो मिळाला असता.

आता वही पुन्हा मांडू. १७,८५,००० मधून ३,५०,००० खर्च आणि ८२,००० घसारा वजा केला की नफा १३,५३,००० राहतो. नव्या प्रणालीत त्यावर कर ८२,९५०, उपकरासह ८६,२६८. शून्यावरून आकडा इथे आला. शिवाय या पैशावर भारतात टीडीएस झालेला नसतो, त्यामुळे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चचे अग्रिम कराचे हप्ते चुकलेले असतात आणि व्याज वेगळे लागते.

अमेरिकेत कापलेले ८९,२५० इथे पूर्ण वळते होतील, असे ताईंना वाटेल. तसे होत नाही. वजावटीची कमाल मर्यादा म्हणजे त्याच उत्पन्नावर भारतात बसणारा कर. अमेरिकेचा वाटा एक तृतीयांश, म्हणून भारतातील कराचाही तिसरा हिस्सा, २८,७५६. भरायचे राहिले ५७,५१२, आणि अमेरिकेचे ६०,४९४ वाया गेले. कारण उघड आहे. अमेरिका ढोबळ कमाईवर कर कापते, आपण खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर आकारतो. ही २८,७५६ मिळवायलाही फॉर्म ६७ लागतो. या वर्षासाठी त्याची मुदत ३१ मार्च २०२७ आहे. जोडायचे 1042-S हे प्रमाणपत्र अमेरिकेच्या कॅलेंडर वर्षाचे असते, म्हणून एप्रिल ते मार्च जुळवताना दोन प्रमाणपत्रांतून महिने वेगळे काढावे लागतात.

इथे कोणीही विचारील, कलम ४४एडीए का नको? ढोबळ कमाईच्या निम्मा नफा दाखवला तर उत्पन्न ८,९२,५०० आणि कर शून्य. घसाऱ्याची आणि वजावटीची कटकट नाही. प्रश्न रास्त आहे. विवरणपत्रात समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी 16021 हा कोड आल्यापासून अनेकांनी ही वाट धरली आहे. पण ते कलम ठरावीक व्यावसायिकांसाठी आहे आणि त्या यादीत हा धंदा नावानिशी नाही. कोड हा फॉर्ममधला रकाना आहे, तो कायद्याच्या तरतुदीची जागा घेत नाही. ताईंसारख्या अशिलाला दोन्ही हिशेब लेखी दाखवावेत, चौकशी झाल्यास ५७,५१२ आणि वरचे व्याज निघू शकते हे आधीच सांगावे, आणि निवड त्याला करू द्यावी.

हे कलम या धंद्याला लागू आहे की नाही, ते केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एका परिपत्रकाने स्पष्ट करावे, असा ठराव आज दुपारच्या सत्रात अध्यक्षांकडून मांडला जाईल. त्याला जोडायची टिपणी तयार आहे आणि तिच्यात ताईंचा हाच हिशेब आकड्यांनिशी दिला आहे.