अपीलला ४० दिवस, पण घराला १५च!

बांधकाम पाडायची नोटीस आली, तर अपील कसं लिहायचं? आज एक नमुना घेऊन बघूया.

समजा, महाराष्ट्रातल्या एका शहरात घरामागे परवानगीशिवाय १८ चौरस मीटरची खोली बांधली. महापालिकेने एमआरटीपी कायद्याच्या कलम ५३ची नोटीस दिली. या नोटिशीवर थेट अपील नसतं. आधी नोटिशीतल्या मुदतीतच, खोली कायम ठेवायला परवानगी द्या, असा कलम ४४चा अर्ज करायचा. तो फेटाळला, की कलम ४७खाली राज्य सरकारकडे अपील. नगर विकास विभागात ते ऐकणारा अधिकारी उपसचिवापेक्षा खालच्या दर्जाचा नसतो.

आता तारखा बघा. नकार ३ जूनला हातात पडला. अपीलला ४० दिवस, म्हणजे १३ जुलैपर्यंत वेळ. पण त्याच दिवशी पाडकामाचा अंतिम आदेशही मिळाला असेल, तर? सुप्रीम कोर्टाच्या १३ नोव्हेंबर २०२४च्या निकालानुसार आदेश मिळाल्यापासून १५ दिवस पाडकाम करता येत नाही. म्हणजे संरक्षण फक्त १८ जूनपर्यंत! रस्ता, फूटपाथ, नदी-तलाव अशा जागेवरच्या बांधकामाला तर तेही नाही. त्यामुळे अपील पहिल्या आठवड्यातच टाका आणि सोबत स्थगितीचा वेगळा अर्ज जोडा. नुसत्या अपीलच्या पोचपावतीने बुलडोझर थांबेल असं धरून चालू नका.

मेमोमध्ये आधी घटना तारखेनुसार लिहा. मग मुद्दे. 'खोली २० वर्षं जुनी आहे, घरपट्टी भरतोय' हा मुद्दा एकटा टिकत नाही. पावतीने खोली होती हे कळतं, ती कायदेशीर होती हे नाही. खरा मुद्दा असा: प्लॉटवर २२० चौरस मीटर बांधकाम बसतं, मंजूर आहे १९०. खोली धरून होतात २०८. म्हणजे एफएसआय शिल्लक आहे आणि नकाराच्या आदेशात याचा विचारच नाही. मात्र मागे सोडायची मोकळी जागाही आर्किटेक्टकडून मोजून घ्या. खोली त्यात घुसली असेल, तर एफएसआयचं गणित एकटं वाचवणार नाही.

शेवटी मागण्या, क्रमाने:

१. निकालापर्यंत पाडकामाला स्थगिती द्यावी.
२. नकाराचा आदेश रद्द करून परवानगी द्यावी.
३. ते शक्य नसल्यास, मोजणी आणि सुनावणी घेऊन फेरनिर्णयाचा आदेश द्यावा.
४. तेही नाही, तर नियमात न बसणारा भागच काढायला सांगावा.

चौथी मागणी लिहिताना कमीपणा वाटतो. पण खोली मोकळ्या जागेत अर्धा मीटरच घुसली असेल, तर बाकीची खोली वाचवायचा रस्ता तिथेच आहे.